रस्सा कुठे जात होता?

नाशकात आमच्या मिसळीच्या तीन शाखा आहेत, कॉलेज रोड, पंचवटी आणि नाशिकरोड. रस्सा सातपूरच्या सेंट्रल किचनमधून जातो. साठा आणि हिशेब ठेवायला आम्ही ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं. त्यात रेसिपी भरणं, बिलिंग जोडणं हे सगळं दोन आठवड्यांत झालं. अडलं ते रश्शावर, आणि तिथे माझे तीन महिने गेले.

एका रविवारचे आकडे सांगतो. पंचवटीत 200 मिसळी विकल्या. रेसिपीत प्लेटला 150 मिली रस्सा, म्हणजे 30 लिटर खपायला हवा. सकाळी शिल्लक 5, आला 60, रात्री उरला 8. खरा खप 57 लिटर. फरक 27 लिटरचा, रोज कमीजास्त असाच.

सॉफ्टवेअरवाल्यांना दर वेळी फोन केला की एकच उत्तर, "सर, तुमची एन्ट्री चुकली असेल." आमच्याकडे तर सरळ मॅनेजरदादांवर संशय गेला. याचा मला अजून राग येतो, कारण उत्तर त्याच रिपोर्टमध्ये होतं. पाव आणि फरसाण बरोबर जुळत होते. बिलाशिवाय मिसळ विकली असती, तर पावही कमी पडले असते. कमी पडत होता फक्त रस्सा.

मग मी स्वतः रविवारी सकाळपासून काउंटरजवळ उभा राहिलो आणि वाढप्याच्या पळ्या मोजल्या. पळी 100 मिलीची. "दादा, रस्सा आणा" म्हटलं की पळी पडते, आणि त्याचं बिल होत नाही. 200 प्लेटना 220 पळ्या गेल्या, म्हणजे 22 लिटर. उरलेले 5 लिटर दिवसभर शेगडीवर आटले.

जादा रश्शासाठी शून्य किमतीचं बटण ठेवून पाहिलं. गर्दीत ते कुणीच दाबलं नाही. शेवटी पंचवटीच्या रेसिपीत 150 चे 260 मिली केले आणि आटलेला रस्सा रोज वेगळा घट म्हणून नोंदवायला लावला. लिटरला 60 रुपये धरले, तर प्लेटमागे 8 रुपये 10 पैसे आमच्या कॉस्टिंगमध्ये धरलेलेच नव्हते.

हा 260 मिलीचा आकडा दुसऱ्या शाखेला लावू नका. आमच्या कॉलेज रोडला मुलं जास्त रस्सा मागतात, तिथे पुन्हा पळ्या मोजाव्या लागल्या. दर दोन-तीन महिन्यांनी परत मोजा, नाहीतर खरी गळतीही त्या सरासरीखाली लपेल.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. रात्रीची शिल्लक मोजण्याआधी पातेल्यात गरम पाणी कुणी ओतलंय का ते विचारा. दाट झाला की आचारी सवयीने ओततो, मग उरलेला रस्सा जास्त दिसतो आणि खप कमी.

मॅनेजरदादांची मी मालकांसमोर माफी मागितली.