चार महिन्यांसाठी चार लाख

«चार महिन्यांनी मुलीची फी भरायची आहे. चार लाख बचत खात्यात नुसते पडून आहेत. लिक्विड फंडात टाकू का?»

टाका. पण हातात नक्की किती पडणार, ते आधी कागदावर मांडून बघा. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरलं, तर चार महिन्यांचे साधारण ३,३०० रुपये होतात. फंडाने वर्षाला सहा टक्क्यांच्या गतीने परतावा दिला (हमी कुणीच देत नाही), तर ८,०००. आता कर. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबनेच कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून ८,००० चे ५,५०० उरतात. बचत खात्याच्या व्याजावर मात्र जुन्या करप्रणालीत १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. म्हणजे जुनी प्रणाली निवडलेल्याला खरा फायदा २,२०० च्या आसपास. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे तिथे फरक ३,२०० पर्यंत जातो. तीस हजार दोन महिन्यांसाठी ठेवायचे असतील, तर मी खात्यातून हलवणारही नाही. कर जाऊन उरणाऱ्या शंभरेक रुपयांसाठी कोण उठाठेव करणार!

खरी गंमत वेळेची आहे. दुपारी दीडच्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही फंडाकडे पोचले, तर आदल्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, मिळतो. शुक्रवारी हे हुकलं की रविवारची एनएव्ही लागते आणि तीन दिवसांची कमाई जाते. यूपीआयने पैसे कापले गेले म्हणजे ते पोचले असं नाही, म्हणून सकाळीच उरका.

काढतानाही वार बघा. फी सोमवारी भरायची असेल, तर शुक्रवारी दुपारी तीनच्या आत रिडेम्प्शन टाका. शनिवार-रविवारची कमाईही पदरात पडते आणि पैसे सोमवारी खात्यात येतात. पण सोमवारी किती वाजता, हे तुमच्या हातात नसतं. शिवाय शनिवारी टाकलेला अर्ज सोमवारचा धरतात आणि पैसे मंगळवारी. त्यामुळे शेवटची तारीख सोमवार असेल तर मी गुरुवारीच काढेन. इन्स्टंट रिडेम्प्शनवर भिस्त ठेवू नका, त्यात दिवसाला जास्तीत जास्त ५०,००० मिळतात. पहिल्या सहा दिवसांत काढले तर एक्झिट लोड म्हणजे पैसे लवकर काढण्याचं किरकोळ शुल्क लागतं, सातव्या दिवसापासून काही नाही.

आणि फंड निवडताना परताव्याच्या यादीत पहिला आलेला उचलू नका. हे फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीचेच रोखे घेतात, तरी २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी कोसळली तेव्हा तिचे रोखे असलेल्या काही लिक्विड फंडांची एनएव्ही एका झटक्यात खाली आली होती. दर महिन्याचा पोर्टफोलिओ फंडाच्या साइटवर असतो. त्यात ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जास्त दिसली, की मी डायरेक्ट ग्रोथ, म्हणजे एजंटशिवायचा आणि नफा फंडातच ठेवणारा पर्याय, घेऊन मोकळा होतो.