दार बंद करायला पाहिजे होतं

“बाई, इंग्रजीत मस्ट म्हणजे पाहिजेच. मग ‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘पाहिजे होतं’ असं का नाही?”

कारण ‘हॅव’ लागला की ‘मस्ट’मधली सक्ती निघून जाते आणि उरतो तो अंदाज. हे ऐकायला सोपं वाटतं. पण माझ्या एका विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून त्याचीच गोष्ट आधी सांगते.

आमच्या हर्णै-दापोलीकडची बरीच मुलं मालवाहू जहाजांवर जातात. हा मुलगाही खलाशी म्हणून लागला होता. एका रात्री डेकवरच्या पेंट लॉकरचं दार उघडं राहिलं, समुद्र खवळला, आत पाणी शिरलं आणि रंगाचे डबे लवंडले. सकाळी त्याला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. पोरगा प्रामाणिक. चूक आपली आहे हे त्याला ठाऊक होतं आणि कबूलही करायचं होतं. मनात वाक्य होतं, ‘मी दार बंद करायला पाहिजे होतं.’ कागदावर उतरलं, ‘आय मस्ट हॅव क्लोज्ड द डोअर.’

अधिकाऱ्याने वाचलं ते असं: ‘मी दार बंद केलेलं असणार.’ म्हणजे आठवत नाही, पण माझ्याकडून झालं असेल, दोष दुसऱ्या कोणाचा तरी. कबुलीजबाब द्यायला गेलेल्या मुलावर खोटं बोलल्याचा शिक्का बसला. सुट्टीत घरी आला तेव्हा पडवीत बसून त्याने मला तो कागद दाखवला आणि विचारलं, “बाई, यात खोटं काय आहे?” त्याला काय उत्तर द्यावं, मला क्षणभर सुचेना. शाळेत आम्हीच शिकवलं होतं, मस्ट म्हणजे पाहिजे. ते खरंच आहे, पण फक्त आज-उद्याच्या कामासाठी. ‘यू मस्ट क्लोज द डोअर’, दार बंद केलंच पाहिजे. हेच कालच्याबद्दल बोलायचं झालं की रस्ते वेगळे होतात. सक्ती होती आणि काम झालं, तर ‘हॅड टू’: आय हॅड टू क्लोज द डोअर, मला दार बंद करावं लागलं. करायला पाहिजे होतं पण झालं नाही, तर ‘शुड हॅव’. यातल्या कुठल्याच वाटेवर ‘मस्ट’ भेटत नाही.

असं का, तर ‘मस्ट’ हे मुळात एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचं भूतकाळी रूप. ‘शुड’ हे ‘शॅल’चं आणि ‘कुड’ हे ‘कॅन’चं. काळाच्या ओघात ‘मस्ट’ सरळ वर्तमानात येऊन बसलं. ‘शुड’चा भूतकाळही जवळजवळ पुसला गेला आणि ‘कुड’चा अर्धामुर्धा उरला. मग घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना काळ दाखवायचं काम ‘हॅव’ आणि क्रियापदाच्या तिसऱ्या रूपावर आलं. म्हणून ‘शुड हॅव गॉन’ बरोबर, ‘शुड हॅव वेन्ट’ चूक.

मी मुलांना इंग्रजी नियम पाठ करायला लावत नाही. मराठी वाक्य आधी नीट उच्चारायला सांगते, कारण फरक आपल्या भाषेत आधीच आहे. ‘बंद करायला पाहिजे होतं’ आणि ‘बंद केलं असणार’ ही दोन वाक्यं हळू म्हणून बघा. पहिल्यात ‘करायला’ आहे, काम अजून व्हायचंच राहिलंय. दुसऱ्यात ‘केलं’ आहे, काम झालंय असं तुम्ही धरून चालता. ‘करायला पाहिजे होतं’ म्हणजे शुड हॅव. ‘केलं असणार’ म्हणजे मस्ट हॅव. आणि ‘करता आलं असतं’ म्हणजे कुड हॅव: करणं हातात होतं, पण केलं नाही. क्रियापदाच्या शेवटाकडे कान दिला की निम्मं काम होतं.

आता अंदाजाकडे येते, कारण इथे आपल्या बंदरातल्या बायका कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगल्या शिक्षिका आहेत. अचानक वारा उठला आणि होडी वेळेत आली नाही, की धक्क्यावर बोलणं सुरू होतं. “आंजर्ल्याच्या खाडीत शिरली असणार.” हे कोणी हवेत बोलत नाही. वादळवाऱ्यात आमच्या होड्या त्या खाडीचा आसरा घेतात, वाऱ्याची दिशा तशी आहे, भरती आहे, मागच्या वेळी असंच झालं होतं. पुरावा आहे, म्हणून ‘असणार’, म्हणून ‘दे मस्ट हॅव गॉन इन्टू द क्रीक’. पुरावा तेवढा नसला तर तीच बाई ‘गेली असेल’ म्हणते, ते ‘माइट हॅव’. आणि दुसरी म्हणते, “दाभोळपर्यंत गेली असणं शक्यच नाही, डिझेल तेवढं नव्हतं.” ते ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’. इथे मुलं ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडून मोकळी होतात. काही ठिकाणचे इंग्रजी बोलणारे तसं म्हणतातही, पण शक्यच नाही असं ठामपणे सांगायचं असेल तेव्हा ‘कान्ट हॅव’ जास्त सुरक्षित.

‘कुड हॅव’पाशी मात्र मी स्वतःही थांबते, कारण त्याला दोन तोंडं आहेत. ‘दे कुड हॅव गॉन टू आंजर्ले’ एवढंच लिहिलं, तर ‘ते आंजर्ल्याला गेले असू शकतील’ असा अंदाजही निघतो आणि ‘अरे, आंजर्ल्याला जाता आलं असतं की!’ असा ठपकाही. बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर आवाज नसतो. अर्थ ठरवतं ते पुढचं वाक्य: ‘अजून फोन लागत नाही’ असेल तर अंदाज, ‘पण ऐकलं नाही’ असेल तर ठपका. म्हणून माझा आग्रह असतो की लेखी अंदाजासाठी ‘माइट हॅव’ वापरा आणि ‘कुड हॅव’ हुकलेल्या संधीसाठी राखून ठेवा.

‘शुड हॅव’ला खंत सांगण्याव्यतिरिक्त आणखी एक काम आहे, तेवढं सांगून ठेवते. ‘द बोट शुड हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ’ म्हणजे ‘एव्हाना होडी पोहोचायला हवी होती’. इथे कोणाची चूक नाही, फक्त हिशेब आहे. आपल्या ‘हवी होती’मध्येही हा अर्थ असल्यामुळे मुलांना तो जड जात नाही.

नाही म्हणायचं झालं की ‘जायला नको होतं’ म्हणजे ‘शुडन्ट हॅव गॉन’, गेलो आणि चुकलं. ‘जायची गरज नव्हती, तरी गेलो’ हे ‘नीडन्ट हॅव गॉन’, यात खंत कमी आणि उगाच झालेली खेप जास्त.

त्या मुलाने पडवीतच कागदाच्या मागच्या बाजूला वाक्य पुन्हा लिहिलं. ‘आय शुड हॅव क्लोज्ड द डोअर’ लिहून झाल्यावर तो थांबला. “बाई, आता मी बंद केलं नव्हतं हे वेगळं लिहायला लागेल का?” मी म्हटलं, नाही रे, ते ‘शुड हॅव’मध्येच आलं. तरी त्याने खाली लिहिलंच, ‘आय डिड नॉट क्लोज इट.’ मी खोडलं नाही.