सातची सरासरी आणि बारा तारीख

“सर, रोजच्या किमान तापमानाची सरासरी किती दिवसांची धरू? सातची धरली की रेघ छान गुळगुळीत येते.”

येते ना. मीही त्या गुळगुळीत रेघेवरच भाळलो होतो.

निफाडजवळ माझ्या दाजींची द्राक्षबाग आहे. तिथे मी तापमापक बसवला आणि थंडीचा इशारा थेट त्यांच्या फोनवर जाईल अशी सोय केली. सातचा आकडा मी काही उगाच घेतला नव्हता. आधीच्या डिसेंबरात सेन्सरची वायर ढिली झाली, एका रात्री 3.1 असं वाचन आलं आणि दाजी कुडकुडत शेकोट्या पेटवायला पळाले. बाहेर 12 अंश होते. म्हणून मग मागच्या सात दिवसांची सरासरी 8 च्या खाली गेली तरच संदेश जावा, असा नियम केला. एखाद-दुसरं चुकीचं वाचन सरासरीत विरून जाईल, हा त्यामागचा हिशोब. तो आजही मला मूर्खपणाचा वाटत नाही.

त्या जानेवारीत 1 ते 6 तारखेपर्यंत किमान तापमान 12 ते 13 च्या आसपास होतं. सातला 9.6, आठला 6.8, नऊला 4.9, दहाला 4.4, अकराला 5.2, बाराला 6.1. आता सरासरी बघा: आठला 11.4, नऊला 10.2, दहाला 9.1. अकराला 8.04. म्हणजे चार शतांशांनी इशारा हुकला. बारा तारखेला सरासरी 7.06 झाली आणि फोन वाजला. पारा 8 च्या खाली गेला होता आठ तारखेला.

दर वर्षी दाजी हवेचा वास घेऊन पहाटे ठिबक सोडायचे, शेकोट्या लावायचे. त्या वर्षी ते झोपले. कारण मीच त्यांना सांगितलं होतं, “दाजी, तुम्ही निवांत झोपा, फोन उठवेल.” साखर भरत आलेले मणी तडकले. मला बांधावर नेऊन त्यांनी एक घड हातात दिला. म्हणाले, “तुझा फोन वाजला रे. पण थंडी जायला लागल्यावर.” आणि पंधरा तारखेला सकाळी 11.5 अंश होते, तरी इशारा चालूच होता! खड्ड्यातले आकडे सरासरीतून बाहेर पडायलाही तेवढेच दिवस लागतात.

मागच्या N दिवसांची सरासरी (N−1)/2 दिवस मागे चालते. सातची तीन दिवस, तीनची एक दिवस. हे मला पाठ होतं. मग चार दिवस उशीर कसा झाला? तीन हा आकडा पारा एका लयीत घसरत असेल तेव्हाचा. इथे तो एकदम कोसळला, त्यामुळे जुने 12-13 चे आकडे पुरेसे बाहेर पडेपर्यंत सरासरी वरच अडकून राहिली. तीनची सरासरी असती तर नऊ तारखेलाच 7.1 झाली असती.

खरी लाज वेगळीच आहे. मी नियम आदल्या वर्षीच्या नोंदींवर तपासला होता, तो असा:

```python
df["min_t"].rolling(7, center=True).mean()
```

`center=True` म्हणजे आजच्या सरासरीत पुढचे तीन दिवसही येतात. आकडे तेच, फक्त तीन दिवस आधीच्या तारखेवर सरकलेले. आलेखावर इशारा अगदी वेळेवर दिसला आणि मी खूश! उद्याचं तापमान बागेतल्या यंत्राला कुठून कळणार, हे त्या रात्री माझ्या डोक्यातच आलं नाही. मागे वळून हंगाम बघायचा असेल तर मधोमध धरलेली सरासरी उत्तम. इशाऱ्याला ती चालत नाही.

म्हणून तुम्ही “किती दिवस” विचारता तेव्हा मी उलट विचारतो: किती दिवस उशीर परवडेल? दोन दिवस परवडत असेल तर जास्तीत जास्त पाच, आणि पारा कोसळला तर तेही महाग पडतील. जास्त दिवस धरण्याचा फायदाही वाटतो तेवढा नाही. वाचनांतली खळबळ √N पटीने कमी होते, पण ती वाचनं एकमेकांपासून सुटी असतील तरच. थंडी तशी नसते. आज गारठा असला की उद्याही बहुधा असतो.

मुळात मी दोन गोष्टींची गल्लत केली होती. ढिली वायर हा गोंगाट होता. थंडीची लाट नव्हे, तीच तर मला पकडायची होती. वायरीचा दोष त्याच रात्री काढायला हवा होता. आता दर दहा मिनिटांनी वाचन घेतो आणि शेवटच्या पाचांतलं मधलं धरतो. एक-दोन खुळी वाचनं आपोआप गळतात, उशीर साधारण वीस मिनिटांचा. दिवसांची सरासरी इशाऱ्यातून काढूनच टाकली.

सुटलं का? गेल्या डिसेंबरात पहाटे चारला पारा 7.8 झाला, फोन वाजला, आणि ढग येऊन तासाभरात 10 वर गेला. आठवड्यात दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी दाजींनी फोन सायलेंटवर टाकला आणि ताई म्हणाली, “तुझी ती सातवालीच बरी होती, निदान झोपू तरी द्यायची.”