ताईच्या लग्नातली मेमरी वॉल

आज ताईच्या लग्नात मेमरी वॉल केली, म्हणजे पाहुण्यांचा फोटो काढायचा, त्यावर त्यांनी आठवण लिहायची आणि तो सुतळीवर टांगायचा, तीही मुद्दाम जेवणाच्या हॉलच्या दाराशी, कारण स्टेजपाशी लोक आहेर देऊन फोटो काढून लगेच निघतात पण पंगतीची वाट बघताना निवांत लिहितात. सुतळी, लाकडी चिमटे, इन्स्टंट कॅमेरा, आणि परमनंट मार्कर, कारण त्या फोटोच्या गुळगुळीत पट्टीवर जेल पेन पुसलं जातं. नुसतं काहीतरी लिहा म्हटलं की सगळे 'नांदा सौख्य भरे' लिहितात, म्हणून कार्डावर प्रश्नच लिहिला होता, ताईची लहानपणीची एक गोष्ट सांगा. आत्याने लिहिलं, "चिंचेवर चढून बसायची, गूळ दाखवला की उतरायची!" भाऊजी कितीतरी वेळ हसत होते. आजीचा हात थरथरतो, तिने सांगितलं तसं मी लिहिलं, सही मात्र तिचीच. हे फोटो उजेडात फिके पडतात, त्यामुळे उद्याच अल्बममध्ये लावणार.