‘क्वालिटी इश्यू’ म्हणजे नेमकं काय? तांब्याच्या तांब्याने मला शिकवलं

भांडीबाजारातून माल उचलून मी ऑनलाइन तांब्या-फुलपात्र विकते. नोंदणी, फोटो, कुरियर हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझं घोडं अडलं ते एकाच शब्दावर: क्वालिटी इश्यू.

जून ते ऑगस्टमध्ये ३१८ ऑर्डरी गेल्या आणि ६१ परत आल्या. आधी घाबरले, मग रिपोर्ट नीट उघडला. त्यातल्या २४ पार्सलांना ग्राहकाने हातही लावला नव्हता. पत्ता सापडला नाही किंवा दारातूनच नकार. हे आधी वेगळं काढा, कारण त्याला ना वर्णन जबाबदार, ना माल. उरले ३७. त्यात ९ जणांनी ‘साइज लहान’ निवडलं होतं, ५ जणांचा तांब्या चेपला होता, ४ जणांना नकोच होता आणि तब्बल १९ जणांनी ‘क्वालिटी इश्यू’.

आता क्वालिटी म्हणजे काय? पत्रा पातळ? गळतोय? सेलर सपोर्टला विचारलं. तीन आठवड्यांत चार उत्तरं आली, चारही शब्दशः तीच: ‘कृपया आपल्या उत्पादनाची गुणवत्ता सुधारा.’ अहो, तेच तर विचारतेय! सप्लायरकडे गेले तर शेठ म्हणाले, “ताई, आमच्याकडून माल चकचकीत निघतो. बघून घेताय ना तुम्ही?” तेही खरंच होतं.

पुरावा माझ्याच घरात यायचा आणि मीच तो पुसून टाकायचे. परत आलेला तांब्या चिंचेने घासायचा, पुन्हा विक्रीला ठेवायचा. एकोणीसच्या एकोणीस धुऊन बसले होते मी! तेव्हा नव्याने सुरुवात केली. परत आलेलं प्रत्येक पार्सल उघडताना फोटो, डब्यावर ऑर्डर नंबर, वहीत ग्राहकाचं कारण एका रकान्यात आणि मला दिसलेलं कारण शेजारच्या रकान्यात. पाच आठवडे निव्वळ वाट पाहण्यात गेले.

तेवढ्यात ‘क्वालिटी’चे १४ आले. दोघांत मला काहीच खोट दिसली नाही. तिघांनी खाली टिपणीत ‘फोटोत मोठा वाटला’ असं लिहिलेलं, म्हणजे तक्रार मापाची, खूण दुसरीकडे. उरलेल्या नऊ तांब्यांवर डाग होते: काठाच्या दुमडीत हिरवट, पोटावर काळपट बोटांचे ठसे. टिपण्या ‘वापरलेला माल’, ‘जुना दिला’. डाग म्हणजे जुनं भांडं, असाच लोकांचा समज. त्यांचं तरी काय चुकलं?

पॅकिंगआधी आमच्या मावशी चिंच-मिठाने घासून लख्ख करतात. दुमडीत मीठ राहिलं आणि वरून ओल मिळाली, की तांब्यावर हिरवं चढतं. मी तीन तांबे घेतले. एक नेहमीसारखा धुऊन, फडक्याने पुसून वर्तमानपत्रात. दुसरा दोनदा साध्या पाण्यात खळबळून, पुसून, पण तसाच वर्तमानपत्रात. तिसरा दोनदा खळबळून, पंख्याखाली चार तास वाळवून, सुती हातमोजे घालून, सिलिका जेलच्या पुडीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. बाहेर पाऊस सुरूच होता. आठ दिवसांनी उघडले, कारण लांबच्या पार्सलला साधारण तेवढे लागतात. पहिल्याला दुमडीत हिरवं, दुसऱ्याला फक्त ठसे, तिसरा स्वच्छ. मावशी म्हणाल्या, “म्हणजे माझ्या घासण्यात खोट नव्हती, ताई. धुण्यात होती.”

तेव्हापासून पॅकिंगआधी दुमडीतून पांढरा कापूस फिरवतो. ओला किंवा हिरवट निघाला, तर तांब्या परत मोरीत.

वर्णनात ‘१ लिटर’ लिहिलं होतं, ते काठोकाठ भरल्यावर. गळ्यापर्यंत मोजलं तर ८५० मिली भरलं. आता दोन्ही आकडे, उंची सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये आणि हातात धरलेला फोटो आहे. शिवाय एक सरळ वाक्य: ‘तांबं हवेने काळवंडतं, लिंबाने घासल्यावर उजळतं, मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा.’ यामुळे विक्री पडेल असं नवऱ्याला वाटलं होतं. पडली नाही.

हो, एक राहिलंच. परतावा ज्या महिन्यात आला त्या महिन्यात मोजू नका, ऑर्डर ज्या महिन्यातली त्यात मोजा. बदल केल्यावरही जुन्या ऑर्डरी तीन आठवडे परत येत होत्या आणि मी उगाच हबकले होते. पोहोचलेल्या मालावर आधी शंभरात साडेबारा परत यायचे. नोव्हेंबरच्या ऑर्डरींत ९६ पोहोचले, ५ आले. पण नोव्हेंबरात पाऊसही नव्हता, त्यामुळे श्रेय पूर्ण माझं की कोरड्या हवेचं, हे पुढच्या जुलैची वही सांगेल. त्या पाचांत दोन ‘क्वालिटी’चे होते. उघडले तर दोन्ही चेपलेले.