काढलेला ईमेल परत परत येतो

छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर, मेल, फोन सांभाळायचं काम करतो मी. "कॉन्टॅक्ट सिंक होत नाहीत" ही तक्रार नेहमीची, आणि निम्म्या वेळा बॅटरी सेव्हर चालू असतो नाहीतर कुणीतरी ऑटो सिंक बंद केलेलं असतं, ते चालू करायचं आणि निघायचं. ही केस मात्र अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

ऑफिस हिशेबाचं काम करणारं. त्यांच्या एका क्लायंटने नोकरी सोडली, नवीन ईमेल दिला, साहेबांनी तो लगेच स्वतःच्या फोनमध्ये टाकला आणि जुना काढला. नंतर मॅडमनी कॉम्प्युटरवरून त्याच क्लायंटला त्याचे हिशेबाचे कागद पाठवले, नावाची पहिली अक्षरं टाइप केली, खाली नाव आलं, एंटर मारलं. कागद गेले जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. मेल परतही आला नाही, कारण तो पत्ता बंद झालेलाच नव्हता, त्याच्या जागेवर आलेला माणूस तो बॉक्स वाचत होता. म्हणजे एका माणसाचे खासगी कागद त्याच्या जुन्या मालकाकडे. मग साहेब मॅडमवर, मॅडम कॉम्प्युटरवर आणि शेवटी सगळे मिळून सिंकवर.

मी गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "अहो मी स्वतः काढलाय तो ईमेल. एकदा नाही, चार वेळा. परत येतो." आणि माझ्यासमोर करून दाखवलं. एडिट उघडलं, तिथे फक्त नवा पत्ता, तरी सेव्ह. कार्डावर आले तर जुना पत्ता तिथेच, नव्याच्या वर. कुणीही बघितलं तर म्हणेल सर्व्हर जुनी माहिती परत ढकलतोय.

माझ्या आधी आमच्याच टीममधला एक जण जाऊन आला होता. त्याने आमच्या धंद्यातला रामबाण उपाय केला होता, फोनमधून गुगल अकाउंट काढायचं आणि परत जोडायचं. मला या उपायाचा मनापासून राग आहे. काय बिघडलंय ते न बघता केलेली पुसापुशी आहे ती, आणि त्या अकाउंटमधला एखादा बदल वर चढायचा राहिला असेल तर तो कायमचा जातो. पण यावेळी त्या उद्योगातूनच धागा सापडला, तोही साहेबांनी सहज बोलता बोलता दिला. म्हणाले, "तुमच्या माणसाने अकाउंट काढलं तेव्हा कार्ड एकदम बरोबर दिसत होतं, फक्त नवा ईमेल. परत जोडलं आणि जुना हजर."

हे ऐकलं आणि मी फोन हातात घेऊन नुसता बसलो दोन मिनिटं. अकाउंट काढल्यावर त्या अकाउंटचे कॉन्टॅक्ट फोनमधून जायला पाहिजेत. हा तर राहिला होता, आणि तोही नव्या ईमेलसकट. म्हणजे नवा ईमेल अकाउंटमध्ये कधी गेलाच नव्हता.

तरी आधी सिंक खरंच चालतंय का ते बघून घेतलं. माझी साधी पद्धत अशी की खोटा कॉन्टॅक्ट बनवायचा, नाव इंग्रजी अक्षरांत "झझ टेस्ट वेब" असलं काहीतरी म्हणजे यादीच्या तळाशी सापडतो. ब्राउझरमध्ये contacts.google.com उघडून तिथे एक बनवला, थोड्याच वेळात फोनमध्ये आला. मग फोनवर "झझ टेस्ट फोन" बनवला आणि वेबवर वाट बघितली. आलाच नाही. सेटिंगमध्ये मात्र शेवटचं सिंक आत्ताच झालंय असं लिहिलेलं. लोक इथेच फसतात. ते वाक्य खरंच असतं, त्या अकाउंटचं सिंक झालेलं असतं. पण तुमचा कॉन्टॅक्ट त्या अकाउंटमध्ये आहे असं ते कुठे म्हणतंय?

अँड्रॉइडमध्ये आपल्याला जे एक कार्ड दिसतं ते मुळात एक नसतं. प्रत्येक अकाउंटची स्वतःची वेगळी नोंद असते, गुगलची एक, व्हॉट्सॲपची एक, आणि कुठल्याच अकाउंटची नाही अशी नुसती फोनमधली एक. नाव, नंबर, ईमेल जुळले की फोन या नोंदी एकावर एक ठेवून एकच कार्ड दाखवतो. ट्रेसिंग पेपरवर काढलेली चित्रं एकावर एक ठेवल्यासारखं, वरून बघणाऱ्याला कुठली रेघ कुठल्या कागदावरची ते कळत नाही. आणि सिंक चालतं ते प्रत्येक नोंदीच्या आपापल्या अकाउंटशी, कार्डाशी नाही.

साहेबांची परवानगी घेतली, यूएसबी डीबगिंग चालू केलं आणि केबल लावून त्या कार्डाच्या आतल्या नोंदी बघितल्या.

```
adb shell content query --uri content://com.android.contacts/raw_contacts --projection _id:contact_id:account_type:dirty --where "contact_id=412"

Row: 0 _id=530, contact_id=412, account_type=NULL, dirty=1
Row: 1 _id=644, contact_id=412, account_type=com.whatsapp, dirty=0
Row: 2 _id=871, contact_id=412, account_type=com.google, dirty=0
```

कार्ड एक, क्रमांक ४१२, आणि त्याच्या पोटात तीन नोंदी. पहिल्या ओळीत अकाउंटच्या जागी NULL, म्हणजे ही नोंद फक्त फोनची. तिच्यापुढे dirty=1, म्हणजे इथे बदल झालाय आणि तो वर पाठवायचा बाकी आहे. पण पाठवणार कोण? त्या नोंदीला अकाउंटच नाही, त्यामुळे ती उचलून न्यायला कुणी येणारच नाही, तो १ तिथे तसाच बसून राहणार. खाली गुगलच्या नोंदीपुढे ० आहे, कारण तिला कुणी हातच लावलेला नाही.

मग सगळं सरळ जुळलं. मागचा फोन बदलताना साहेबांनी सगळे कॉन्टॅक्ट फाइलमधून, त्या .vcf वाल्या, नव्या फोनमध्ये घेतले होते आणि कुठे ठेवायचे या प्रश्नाला "फोन" उत्तर दिलं होतं. नंतर अकाउंट जोडलं, तेच कॉन्टॅक्ट वरूनही आले, दोन्ही एकमेकांवर बसले. या फोनच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्ये एडिट दाबलं की फोनवाली नोंद उघडत होती. जुना ईमेल दोन्ही नोंदींत होता, कार्डावर सारखी माहिती एकदाच दाखवतात म्हणून एकच दिसायचा. साहेब पुसायचे तो फोनच्या नोंदीतून खरंच पुसला जायचा, मग मागे झाकलेला गुगलच्या नोंदीतला पुढे दिसायचा. चार वेळा पुसला म्हणतात, त्यातल्या पहिल्या वेळेनंतर पुसायला तिथे काही नव्हतंच, पण कार्डाकडे बघून ते कळणार कसं? ज्याने हे ॲप बनवलं त्याने एडिटच्या वरच्या कोपऱ्यात "फोन" एवढं बारीक करड्या अक्षरात लिहिलंय, झालं त्याचं कर्तव्य.

साहेबांना समजावताना त्यांनी विचारलं, "मग कॉम्प्युटरने वरून नवीन का नाही आणलं?" कॉम्प्युटरवर मेलसाठी थंडरबर्ड, ते अकाउंटशी कार्डडॅव्हने जोडलेलं, बऱ्याच ठिकाणी कॉन्टॅक्ट सिंकसाठी हीच पद्धत असते, २०११ पासूनचं स्टँडर्ड आहे. त्यात कॉम्प्युटर दर वेळी पूर्ण यादी मागत नाही. मागच्या भेटीत सर्व्हरने दिलेली एक खूण जपून ठेवतो, पुढच्या वेळी ती दाखवून विचारतो की यानंतर काय काय बदललं. सर्व्हर म्हणणार काही नाही. आणि ते खरंच होतं.

दुरुस्ती तशी छोटी. कार्डाच्या मेनूत जाऊन नोंदी अनलिंक केल्या, एकाच नावाची वेगवेगळी कार्डं झाली, गुगलच्या कार्डात नवा ईमेल टाकला, जुना काढला, फोनवालं कार्ड उडवलं. वेबवर बघितलं, आलं. कॉम्प्युटरवर त्या ॲड्रेस बुकवर राइट क्लिक करून सिंक्रोनाइझ केलं, नाहीतर ते आपल्या वेळाने करतं, साधारण अर्ध्या तासाने. तिथेही आलं. मॅडमना म्हटलं नवा मेल उघडा, नाव टाइप करा.

जुना पत्ता. वर, पहिला.

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला, साहेब तर "बघा!" असं म्हणाले की जणू मीच आणला तो. पण हा दुसराच प्रकार होता आणि त्याचा सिंकशी काही संबंध नव्हता. थंडरबर्डमध्ये "कलेक्टेड ॲड्रेसेस" नावाचं एक वेगळं ॲड्रेस बुक असतं, आपण ज्याला मेल पाठवू त्याचा पत्ता त्यात आपोआप जाऊन बसतो. ते त्या कॉम्प्युटरपुरतंच, वर जात नाही, वरून काही घेत नाही. नाव टाइप करताना सूचना सगळ्या ॲड्रेस बुकांतून येतात. त्यामुळे साहेबांचा फोन पहिल्या दिवसापासून ठणठणीत असता तरी मॅडमना तो जुना पत्ता दिसलाच असता! क्लायंटचे कागद चुकले ते या बुकामुळे, फोनमुळे नाहीच. फोनचा बिघाड खरा होता, पण त्या दिवशीच्या घोटाळ्यात तो नुसता शेजारी उभा होता. हे साहेबांना शेवटपर्यंत पटलं नाही असं मला वाटतं. एका चुकीला एकच कारण हवं असतं लोकांना.

कलेक्टेडमधून पत्ता उडवला, सेटिंगमध्ये कंपोझिशनखाली आपोआप पत्ते साठवायची खूण काढली, फोनमध्ये नवे कॉन्टॅक्ट अकाउंटमध्येच सेव्ह होतील असं ठरवून दिलं, माझे दोन्ही झझ टेस्ट पुसले.

खरा त्रास पुढे सुरू झाला. साहेब म्हणाले, बाकीच्यांचं काय? फोनमध्ये कॉन्टॅक्ट भरपूर आणि बऱ्याच कार्डांच्या पोटात अशीच जोडी. जिथे दोन्ही नोंदी सारख्या होत्या तिथे फोनवाली उडवायची, प्रश्न नाही. पण काहींमध्ये नंबर वेगळे. यातला नवा कुठला? मला वाटलं कुठेतरी तारीख मिळेल. नोंदीत version असतं, पण तो बदलांचा आकडा, कधी बदललं ते त्यातून कळत नाही. शेवटचा बदल कधी याची वेळ असते ती अख्ख्या कार्डाची, आतल्या एकेका नोंदीची नाही. म्हणजे फोनची नोंद साहेबांनी नंतर सुधारली की गुगलची कुणीतरी वेबवरून सुधारली, हे यंत्राला माहीतच नाही. सगळं एकत्र करून टाकणारं बटण दाबलं तर प्रत्येकाला दोन दोन नंबर चिकटणार आणि मेलेला नंबर कायमचा घरात.

शेवटी मी वेगळ्या निघालेल्या नावांची यादी काढून मॅडमना दिली आणि त्यांनी फोन लावायला घेतले, "सर, तुमचा हाच नंबर चालू आहे ना?" असं एकेकाला विचारत. जिथे उत्तर मिळालं ते मी सरळ वेबवर दुरुस्त करत गेलो. जिथे दोन्ही नंबर लागले आणि दोन्हीकडे कुणीच उचललं नाही, ती नावं अजून तशीच आहेत, दोन्ही नंबरांसकट.