ताईच्या लग्नाचा व्हिडिओ

ताईच्या नावात ‘ज्ञ’ आहे आणि होणाऱ्या भाओजींच्या नावात ‘श्री’. निमंत्रणाचा व्हिडिओ करताना माझे दोन दिवस या दोन अक्षरांतच गेले.

फोनवरच्या ॲपमध्ये एकेक अक्षर उमटवणारं ॲनिमेशन लावलं. आधी ‘श्’ आला, मग ‘र’, मग नुसती वेलांटी. ‘निमंत्रण’मध्ये तर ‘न’ आधी यायचा आणि पहिली वेलांटी मागून येऊन त्याच्या पुढ्यात बसायची. कारण कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. युनिकोडमध्ये ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. ॲप ते सुटे हलवत होतं. मग लॅपटॉपवर इंकस्केपमध्ये पूर्ण ओळ लिहिली, पारदर्शक पार्श्वभूमीची PNG काढली आणि ते चित्र डावीकडून उजवीकडे उघडत नेलं. हाताने लिहिल्यासारखं दिसलं, एकही जोडाक्षर तुटलं नाही.

वर आंब्याचं तोरण हवं, हा आईचा हट्ट. एकेक पान वेगळं काढलं, पण हलवल्यावर पानं पंख्यासारखी गरगरायला लागली. फिरण्याचा बिंदू पानाच्या मधोमध होता. तो देठापाशी नेला, झोका तीनच अंशांचा ठेवला आणि प्रत्येक पान शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा हलवलं. मग खरंच दारातून वारा आल्यासारखं वाटायला लागलं.

संगीतासाठी शेजारच्या काकांनी सनई वाजवली. मी त्यांना तबल्याच्या ॲपवर केरवा लावून दिला, मिनिटाला 96 मात्रांचा. आठ मात्रांचं आवर्तन बरोबर पाच सेकंदांत संपतं, म्हणून सगळी दृश्यं पाचाच्या पटीत बसवली: गणपती 5, नावं 10, तारीख आणि गोरज मुहूर्त 10, कार्यालयाचा पत्ता 15. दर वेळी समेवरच दृश्य बदलतं. एकूण 40 सेकंद.

पत्त्याला आधी दहाच सेकंद दिली होती. आजीला मोठ्याने वाचायला सांगितलं, तर ‘बस स्थानकासमोर’ येईपर्यंत दृश्य गेलं. आमच्याकडचे निम्मे पाहुणे आजीच्या वयाचे आहेत, त्यामुळे पंधराच्या खाली जायचं नाही हे तिथेच ठरलं.

शेवटची चाचणी व्हॉट्सॲपवर. स्वतःलाच पाठवून पाहिलं, तर बारीक अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हिडिओ जसाच्या तसा जातो, पण मामा-मावश्यांना तो सहज उघडता यायला हवा. म्हणून पत्त्याची अक्षरं दीडपट केली, मुक्ता फॉन्टचं ठळक वळण घेतलं आणि मागची पैठणीची नक्षी फिकी केली. व्हिडिओतल्या नकाशाच्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, ती खाली मजकुरात वेगळी दिली.

काल आजीने पुन्हा वाचलं. पत्ता संपला, सनई समेवर थांबली आणि ती म्हणाली, “आता धाकट्या काकाला पाठव.”